जुळलेली रोकड

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला क्रांतीची रोकड दहा हजारांनी जास्त भरली.

आटपाडीतल्या पतसंस्थेच्या शाखेत ती दीड वर्षापासून रोखपाल होती. मूळची रहिमतपूरची. आई तिकडे एकटी, आणि ही इकडे बाजारपेठेमागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहायची. पगार साडेतेरा हजार. शाखेत माणसं तीनच: शाखाधिकारी धैर्यशील साहेब, क्रांती आणि शिपाई बाळासो.

त्या दिवशी साहेब मीटिंगसाठी सांगलीच्या मुख्य कार्यालयात गेले होते. सहापर्यंत पोचतो, तोवर रोकड मोजून ठेव, असा त्यांचा फोन आला होता. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक साहेबांची, एक तिची. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे.

क्रांतीने नेहमीसारखं गल्ल्यातलं सगळं टेबलावर काढलं. नोटा जातीजातीने लावल्या, मशीनमधून दोनदा फिरवल्या आणि कच्च्या कागदावर तपशील लिहीत गेली. पाचशेच्या पाचशे साठ. दोनशेच्या दोनशे साठ. शंभराच्या दोनशे नव्वद. मग पन्नास, वीस, दहा, शेवटी चिल्लर. बेरीज आली तीन लाख त्र्याहत्तर हजार आठशे पासष्ट. कॉम्प्युटरवर अखेरची शिल्लक होती तीन लाख त्रेसष्ट हजार आठशे पासष्ट.

तिने पुन्हा मोजलं. तेवढेच.

आकडे उलटसुलट लिहिले गेले असते तर फरकाला नऊने भाग गेला असता. दहा हजाराला जात नव्हता. मग तिने दिवसभरातल्या जमा-नावेच्या सगळ्या स्लिपा एकेक करून कॉम्प्युटरवरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या. म्हणजे चूक स्लिपांच्याही आधीची होती, नोटा हातात घेतानाची. कुणाला तरी कमी दिले गेले होते, नाहीतर कुणाचे तरी जास्त घेतले गेले होते.

ती शोधायची एक वाट तिला माहीत होती. सकाळच्या शिल्लकेत प्रत्येक जातीच्या नोटा किती होत्या ते घ्यायचं, स्लिपांच्या मागे लिहिलेल्या तपशिलावरून दिवसभरात किती आल्या आणि किती गेल्या ते मांडायचं आणि हातातल्या नोटांशी ताडायचं. तासाभराचं काम. कुठल्या नोटेत घोळ आहे ते कळलं, की माणूस सापडतो.

क्रांतीने ते केलं नाही.

चार महिन्यांपूर्वी तिची रोकड साडेनऊ हजारांनी कमी भरली होती. कुणाला जास्त गेले ते शेवटपर्यंत सापडलं नाही. नेणारा परत आला नाही. मुख्य कार्यालयाने तीन पगारांतून पैसे कापून घेतले. त्या तीन महिन्यांत तिने एक वेळचा डबा बंद केला होता आणि आईला सांगितलं होतं की इकडची खानावळ चांगली आहे. कमी पडले तर रोखपालाच्या खिशातून आणि जास्त भरले तर संस्थेच्या 'जादा रोकड' खात्यात, असा नियम होता. पावणेसहा वाजता त्या नोटांकडे बघत ती मनाशी म्हणाली, हे माझेच आहेत. गेलेले परत आले.

तिच्या टेबलावर रोखलेला एक कॅमेरा होता. त्याच्याकडे पाठ करून तिने पाचशेच्या वीस नोटा मोजल्या, रुमालात गुंडाळल्या आणि डब्याच्या पिशवीत टाकल्या. कच्चा कागद फाडला. रोकड वहीत शाईने लिहिलं: पाचशेच्या पाचशे चाळीस. एकूण तीन लाख त्रेसष्ट हजार आठशे पासष्ट.

सव्वासहाला साहेब आले. बंडलं मोजली, सुट्या नोटांवरून अंगठा फिरवला.

"जुळलं?"

"जुळलं सर."

दोघांनी सही केली, दोन किल्ल्या फिरल्या. क्रांती खोलीवर आली. तिने भात लावला, जेवली, आणि झोपही लागली.

आईचे वरचे दात दोन वर्षांपूर्वीच गेले होते. पुढच्या शनिवारी क्रांती रहिमतपूरला गेली आणि तिला कोरेगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. कवळीचे साडेनऊ हजार झाले. "एवढं पैसं कुठनं आणलंस गं?" लीलाबाईंनी विचारलं. "मागं कापलेले परत मिळाले," क्रांती म्हणाली. हे उत्तर तिने एसटीत बसल्या बसल्या तयार केलं होतं. पंधरा दिवसांनी कवळी बसली. त्या रात्री आईने व्हिडिओ कॉल करून शेंगदाणे खाऊन दाखवले, आणि क्रांतीही हसली.

त्यानंतरच्या मंगळवारी अंबूबाई शाखेत आली.

अंबूबाई दिघंचीच्या रस्त्याला असलेल्या एका वस्तीवरची. साठी ओलांडलेली धनगर बाई, उंच, हाताने नेहमी कपाळावर आडोसा धरून बघणारी. मुलगा अमृत वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला असायचा. घरी ही आणि अमृतची मुलगी राणी. राणी त्याच वर्षी बारावी झाली होती आणि तिला सांगलीला नर्सिंगला जायचं होतं. आज तीही सोबत होती. हातात आजीचं पासबुक.

"बाई, माझं पैसं कमी लिवल्यात," अंबूबाई खिडकीशी येऊन म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "एक लाख वीस हजार भरल्यालं. पोरगी म्हणती, एक लाख धाच लिवल्यात."

पासबुक हातात घेण्याआधीच क्रांतीला तारीख कळली होती. तोच सोमवार.

साहेबांनी दोघींना आत बोलावून बसवलं, बाळासोला पाणी आणायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्या दिवशीच्या स्लिपांचा गठ्ठा काढला, अंबूबाईची स्लिप शोधली. लिहिता येत नाही म्हणून ती क्रांतीनेच भरून दिली होती. खाली अंगठा होता. मागच्या बाजूला नोटांचा तपशील: पाचशेच्या दोनशे, शंभराच्या शंभर. एक लाख दहा हजार.

"आजी, ही बघा. दोन बंडलं पाचशेची आणि एक शंभराचं."

"शंभराचं न्हवं. पिवळ्या नोटांचं हुतं. दोनशेचं."

"तुम्ही मोजले होते?"

"मला नोटा कुटं मोजता येत्यात साहेब? मी मेंढरं मोजली. शनवारच्या बाजारात बारा इकली, धा हजाराला एक. बारा धाय किती?"

साहेबांनी रोकड वही उघडली आणि त्या सोमवारचं पान तिच्यासमोर धरलं, जणू तिला वाचता येणार होतं. "हे बघा आजी. तुमचे दहा हजार इथं जास्त आले असते, तर संध्याकाळी आमची रोकड तेवढी जास्त भरली असती. ती रुपयालाही जास्त नाही. सगळी जुळलीय. सही आहे माझी. कॅमेऱ्यात बघितलं असतं, पण त्यात पंधराच दिवसांचं राहतं, आणि आता तीन आठवडे होऊन गेले." ते क्रांतीकडे वळले. "काय क्रांती, जुळली होती ना?"

"हो सर," क्रांती म्हणाली.

अंबूबाई वहीच्या पानाकडे बघत बसली. मग तिने हळूच मान वळवली आणि राणीकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. पण राणी लगेच म्हणाली, "आये, माझ्याकडं काय बगतीस? पिशवी माझ्याकडं हुती म्हनून?"

"मी काय म्हनले का?"

"रविवारभर कपाटात हुती. मी हातबी लावला न्हाई."

"बरं बरं. व्यापाऱ्यानंच फशिवलं आसंल," अंबूबाई उठत म्हणाली. "तुमचा काय दोष न्हाई साहेब. वही जुळली म्हंजी जुळली."

त्या संध्याकाळी रोकड लवकर जुळली. साहेब गेल्यावर, बाळासो दारं लावत असताना, क्रांतीने टाळलेलं काम तीन आठवडे उशिरा केलं. सोमवारच्या स्लिपा पुढ्यात घेतल्या. दोनशेच्या नोटा: सकाळी दीडशे, स्लिपांप्रमाणे आल्या पंच्याऐंशी, गेल्या पंच्याहत्तर. एकशे साठ हव्यात. वहीत दोनशे साठ. शंभरच्या नोटा: सकाळी तीनशे, आल्या दोनशे दहा, गेल्या एकशे वीस. तीनशे नव्वद हव्यात. वहीत दोनशे नव्वद. दोनशेच्या शंभर जास्त आणि शंभराच्या शंभर कमी. बरोबर एक बंडल. म्हणजे मशीनने शंभर नोटा मोजल्या होत्या आणि तिने, दुपारच्या गर्दीत, दोनशेच्या ओळीऐवजी शंभराच्या ओळीत लिहिल्या होत्या.

आणि पाचशेच्या वीस कमी. त्या कुठे गेल्या ते तिला शोधावं लागलं नाही.

ज्या पानाने अंबूबाईला खोटं पाडलं, त्याच पानावर सगळं लिहिलेलं होतं. बेरीज तेवढी जुळवलेली होती. साहेबांनी नोटांच्या जाती तपासल्या असत्या तर त्यांनाही दिसलं असतं. पण जुळलेल्या रोकडीत कोण डोकं घालतं?

दोन दिवस तिने विचार केला. विचार कसला, वाट शोधली. गुरुवारी तिने स्वतःची आवर्त ठेव मुदतीआधी मोडली. व्याज बुडालं. आलेल्यातले दहा हजार घेऊन दुपारी गर्दी नसताना एक जमा स्लिप भरली: अंबूबाईचं नाव, खाते क्रमांक, पाचशेच्या वीस. भरणा करणाऱ्याच्या जागी 'स्वतः' लिहिलं आणि खाली एक अंगठा उमटवला. स्वतःचाच, डाव्या हाताचा. पैसे गल्ल्यात टाकले, नोंद केली. संध्याकाळी रोकड जुळली. तिला वाटलं, झालं. म्हातारीला तिचे पैसे मिळाले, आता कुणाचं काही राहिलं नाही.

खात्याला मोबाईल जोडलेला होता अमृतचा. मागच्या भरण्याचा मेसेज रानात रेंज नसल्याने त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, हा पोचला.

शनिवारी सकाळी तो शाखेत आला. रापलेला, खांद्यावर घोंगडं, इस्लामपूरच्या पुढून रात्रीच्या गाडीने आलेला. साहेबांसमोर बसायलाही तयार होईना.

"साहेब, गुरवारी आईच्या खात्यात धा हजार कुनी भरलं?"

साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "स्वतः लिहिलंय. अंगठा आहे."

"आई तर घरातनं हाललीच न्हाई. मोबाईलवर आलं तसा मी फोन लावला. ती म्हनती मला ठावंच न्हाई." त्याने घोंगडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "गुरवारी आमची राणी आटपाडीला आल्याली. कालिजात दाखला काढायला."

मग तो खिडकीशी, क्रांतीपाशी आला. "ताई, तुमी इथंच बसता न्हवं? आठवतंय का, कोन आल्यालं? पोरगी हुती का? पंजाबी ड्रेस, बारीकशी?"

काचेच्या पलीकडे त्याचा चेहरा अगदी जवळ होता. दाढीचे खुंट पांढरे झालेले. क्रांतीला 'नाही' म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं, तर मग कोण?

"गर्दी होती," ती म्हणाली. "आठवत नाही."

अमृतने मान हलवली, जणू त्याला उत्तर मिळालं होतं.

"गुरुवारचं कॅमेऱ्यात असेल," साहेब म्हणाले. "बघू या का? पाच मिनिटांचं काम."

"नको साहेब." अमृतचा आवाज एकदम खाली गेला. "घरातली गोष्ट हाय. लेकीचं त्वांड असं टीव्हीवर बगायचं व्हय? घेतलं, भ्यालं, परत आनून भरलं. संपलं. आता सांगली न्हाई न् फिंगली न्हाई. हितंच बसू दे, चार मेंढरं राखू दे."

तो गेला. बाळासो दारातून त्याच्याकडे बघत राहिला आणि मग कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाला, "आजीनं पोरीला लय मारलं म्हनं काल. चपलीनं. आमच्या पावन्यांची वस्ती हाय तिथं. पोरगी एकच बोलत हुती, मी न्हाई, मी न्हाई."

क्रांतीच्या खिडकीसमोर त्या वेळी एक माणूस पैसे काढायला उभा होता. तिने त्याला चार हजारांच्या जागी पाच हजार मोजून दिले. तोच म्हणाला, "ताई, जास्त हायत." तिने एक हजार परत घेतले, खिडकीवर 'बंद' ची पाटी ठेवली आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर, कॅमेरा बघा."

"कशाला? तो नको म्हणून गेला ना."

"गुरुवारी कुणीच आलं नव्हतं. ते पैसे मी भरले."

साहेबांनी चष्मा काढला. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. बंडल, वीस नोटा, रुमाल, स्लिपवरचा अंगठा. मग रोकड वही आणली आणि पेन्सिलने केलेली मांडणी दाखवली. साहेबांनी दोनशेची ओळ स्वतः पुन्हा मांडून पाहिली. मग शंभराची. पाचशेच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"माझी सही आहे याच्याखाली," ते म्हणाले.

"हो सर."

"मी त्या म्हातारीला तोंडावर खोटं पाडलं. माझ्या सहीवर."

ते उठले, दार लोटून आले. आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ. पैसे तर तिच्या खात्यात गेलेत. आपण असं सांगू की मोजताना चूक झाली होती, ती नंतर सापडली आणि संस्थेने भरून दिली. नर्सवर्स काय व्हायचंय ते पोरगी होईल. तुझीही नोकरी राहील आणि शाखेचंही नाव राहील."

क्रांतीने त्या वाक्याला जवळजवळ हो म्हटलंच होतं. ते तिला नंतर कधीच विसरता आलं नाही, की तिला ते ऐकून बरं वाटलं होतं.

"चूक असती तर त्या दिवशी रोकड जास्त दिसली असती," ती म्हणाली. "तुम्हीच त्यांना तसं सांगितलंत. अमृत विचारणार. आणि ती स्लिप? अंगठा कुणाचा म्हणून सांगायचं? आपण काहीतरी झाकतोय असंच त्यांना वाटेल. पोरीसाठी."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग लिहून दे," ते म्हणाले. "सगळं. मला सोमवारी सांगलीला पाठवावं लागेल. माझ्याही सहीचं त्यात येईल."

तिने लिहून दिलं. दोन पानं झाली. किल्ली टेबलावर ठेवली. त्या दिवशीची रोकड साहेबांनी मोजली, बाळासोला साक्षीला घेऊन.

रविवारी प्रवासी भरून धावणाऱ्या वडापच्या जीपने ती वस्तीवर गेली. चार-पाच घरं, मध्ये बाभळ, कुंपणात दोन-तीन कोकरं. अंबूबाई दारात ज्वारी निवडत होती. अमृत अजून गेला नव्हता. राणी आत होती. क्रांतीला फक्त तिचे पाय दिसत होते, चुलीपाशी.

"या बाई," अंबूबाई म्हणाली. "काय काम काढलं?"

क्रांतीने रस्त्यात वाक्यं ठरवली होती. माफीने सुरुवात करायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आजी, तुम्ही दोनशेचंच बंडल दिलं होतं. मी शंभराचं लिहिलं. संध्याकाळी दहा हजार जास्त भरले ते मी घेतले. गुरुवारी मीच परत भरले. राणीचा काहीएक संबंध नाही."

अंबूबाईचा हात सुपात तसाच राहिला. आतले पाय हलले नाहीत.

अमृत उभा राहिला. "काल काचेत तोंडाम्होरं हुतीस तू," तो म्हणाला. 'ताई' गेली होती. "तोंडाम्होरं. मी इच्यारलं तुला."

"हो."

"का न्हाई बोललीस?"

तिच्याकडे उत्तर होतं, भीती वाटली एवढंच, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. अमृत तिच्याकडे दोन पावलं आला, मग वळला आणि कोकरांच्या कुंपणाकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला.

अंबूबाईने सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी पोरीला दारात मारली," ती म्हणाली. "समद्या वस्तीनं बगितलं. तू हितं मला गुपचाप सांगून जानार व्हय? चल."

ती पुढे आणि क्रांती मागे. पहिल्या घरात दोन बायका आणि एक पोरगं होतं. "सांग," अंबूबाई म्हणाली. क्रांतीने सांगितलं, "मी पतसंस्थेत रोखपाल आहे. आजीचे दहा हजार मी घेतले होते. राणीने घेतले नव्हते." बायकांनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरातली बाई म्हणाली, "बघा की, चांगल्या घरातली दिसतीया," आणि अंबूबाई म्हणाली, "दिसू दे." शेवटच्या घरात आकाराम म्हणून एक म्हातारा खाटेवर बसला होता. त्याला ऐकू येत नव्हतं.

"आं?"

"पैसे मी घेतले!" क्रांती ओरडली.

"कुनी?"

"मी! राणीने नाही! मी घेतले!"

बाभळीवरचे कावळे उडाले. म्हाताऱ्याने मान डोलावली. "मला ठावं हुतं," तो म्हणाला. "पोरगी तसली न्हाई." आणि त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

परत आल्यावर राणी दारात उभी होती. डाव्या गालफडावर अजून काळानिळा डाग होता. क्रांतीने हात जोडले. राणीने त्या हातांकडे पाहिलं.

"शुक्रवारी शेवटची तारीख हुती," राणी म्हणाली. "सांगलीच्या कालिजाची. पैसं भरायची."

"मी जाऊन बोलते. प्राचार्यांना भेटते, सांगते सगळं—"

"मी फोन केलता. दुसऱ्या कुनाला दिली जागा." ती आजीकडे वळली. "आये, भाकरी थंड व्हाया लागल्या."

अंबूबाईने क्रांतीला पाणी विचारलं नाही. रस्त्यापर्यंत ती एकटीच चालत आली, आणि जीप यायला तासभर लागला.

पुढचं सगळं हळूहळू झालं. मुख्य कार्यालयाने तिला दोनदा सांगलीला बोलावलं. चौकशीत एका संचालकाने विचारलं, पैसे परत भरलेच होते, मग सांगितलं कशाला? ती म्हणाली, ते पैसे परत भरल्यामुळेच जास्त वाईट झालं. हे त्याला कळलं नाही, आणि तिनेही पुन्हा समजावलं नाही. नोकरी गेली. पोलिसांत दिलं नाही. अमृतने लिहून दिलं की आम्हाला तक्रार करायची नाही. ते दयेपोटी की पोलीस ठाण्याचे हेलपाटे नकोत म्हणून, हे तिला कधीच कळलं नाही. धैर्यशील साहेबांची एक वेतनवाढ थांबली. आईला तिने सगळं सांगितलं, तेव्हा लीलाबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मळ्यात तण काढायला, भांगलणीला जायला सुरुवात केली. "धा हजार फिटंस्तवर," म्हणाल्या. ते आधीच फिटलेत, असं क्रांतीने सांगितलं, तरी त्या जात राहिल्या.

क्रांतीला रहिमतपुरात एका आडतीवर वजनं लिहायचं काम मिळालं. मालकाला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, पैशाला हात लावणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं आणि तिने तेही सांगितलं. तरी त्यांनी ठेवून घेतलं.

वर्षभराने, प्रवेश सुरू झाल्याचं पेपरात वाचून, तिने बाळासोकडून नंबर घेतला आणि राणीला फोन लावला. तीन दिवस लावायचा आणि वाजायच्या आत तोडायचा, असं चाललं होतं. चौथ्या दिवशी वाजू दिला.

"कोन?"

"क्रांती बोलतेय. आटपाडीच्या—"

पलीकडे मेंढरांचा आवाज होता, आणि वारा.

"यंदा अर्ज केलास का, एवढंच विचारायचं होतं."

क्रांतीने फोन कानापासून काढून बघितला, सुरू आहे का म्हणून.

"केलाय," राणी म्हणाली. "सांगलीलाच. यादीत नाव हाय." आणि मग, "तुमी परत फोन करू नगा."

"बरं," क्रांती म्हणाली. राणीने फोन ठेवला. बाहेर आडतीवर हळदीची पोती उतरत होती. मालकाने हाक मारली. ती गेली आणि पहिल्या पोत्याचं वजन लिहून घेतलं.